बॅकफ्लशचा हिशेब: तयार मालावरून कच्च्या मालाची वजावट

कारखान्याच्या स्टोअरमधून कच्चा माल बाहेर काढावयाचा असेल, तर मागणीची चिठ्ठी लिहावी, तिच्यावर सुपरवायझरची सही घ्यावी, स्टोअरकीपरने माल तोलून वा मोजून द्यावा आणि त्या चिठ्ठीबरहुकूम तो खतावणीत खर्ची पडावा, ही आपल्या कारखानदारीची जुनी रीत होय. बॅकफ्लश पद्धतीत हा क्रम उलटा होतो. माल आधी यंत्रावर जातो, वस्तू तयार होते, आणि ‘आज इतके नग तयार झाले’ एवढी एकच नोंद संगणकात पडताच, त्या वस्तूच्या घटकसूचीत, म्हणजे कारखान्यात जिला सर्रास बीओएम म्हणतात तिच्यात, दर नगामागे जो जिन्नस ज्या प्रमाणात लिहिलेला असेल, तो तेवढ्या पटीने शिलकेतून आपोआप वजा होतो. मागणीची चिठ्ठी उरत नाही, आणि ती खतावणारा कारकूनही उरत नाही.

या पद्धतीचा जन्म आळसातून झाला असे समजण्याचे कारण नाही. जेथे माल गरजेपुरताच येतो, काही तासांत त्याची वस्तू होऊन बाहेर पडते आणि दोन यंत्रांच्या मध्ये अर्धवट माल साचून राहत नाही, तेथे प्रत्येक स्क्रूसाठी आणि प्रत्येक लेबलासाठी चिठ्ठी फाडणे हा निव्वळ अपव्यय असतो. म्हणून अशा कारखान्यांत अर्धनिर्मित मालाचे स्वतंत्र खातेच काढून टाकण्यापर्यंत हिशेबनीसांची मजल गेली, आणि ती योग्यच होती. परंतु घटकसूची अचूक असणे, नासधूस अल्प असणे, निर्मितीचा काळ थोडा असणे आणि तयार मालाची मोजणी विश्वासार्ह असणे या ज्या अटींवर ती पद्धत उभी होती, त्या अटी मागे ठेवून केवळ संगणकप्रणालीतील एक खूण पुढे आली, आणि ती खूण करणे फारच सोपे असल्यामुळे पुष्कळ लहानमोठ्या कारखान्यांनी ती सरसकट सगळ्या जिनसांवर केली. प्रस्तुत लेख अशा कारखान्यांच्या मालकांसाठी आणि हिशेबनीसांसाठी आहे.

सर्वप्रथम एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी, कारण पुढले सारे विवेचन तिच्यातूनच निघते. चिठ्ठी मालाचा खर्च मोजीत असे. बॅकफ्लश तो मोजीत नाही, गृहीत धरतो. जुन्या रीतीत प्रत्यक्ष लागलेला माल आणि लागावयास हवा होता तो माल असे दोन स्वतंत्र आकडे दप्तरात येत, आणि त्यांच्यातील तफावत अमक्या तारखेची, अमक्या यंत्राची, अमक्या पाळीची म्हणून ओळखता येई. बॅकफ्लशमध्ये प्रत्यक्ष खर्च म्हणून जो आकडा पडतो तो घटकसूचीतूनच काढलेला असल्यामुळे ही तफावत नेहमी शून्य दिसते, मग यंत्रावर काहीही घडलेले असो. वाया गेलेला माल मात्र शून्य झालेला नसतो. तो कागदावर शिल्लक म्हणून पडून राहतो, आणि सहा महिन्यांनी अथवा वर्षाने जेव्हा स्टोअरची मोजदाद होते तेव्हा एकगठ्ठा तूट होऊन पुढे येतो. त्या वेळी तिला तारीख नसते, यंत्र नसते आणि जबाब देणारा माणूसही नसतो.

एक उदाहरण घेऊन हे पाहू. भोसरी-चाकण पट्ट्यात प्लॅस्टिकचे मोल्डिंग करून मोटारकारखान्यांना सुटे भाग पुरविणारे उद्योग पुष्कळ आहेत. त्यांतील एखाद्या मध्यम कारखान्यात पितळेचे इन्सर्ट बसविलेले एक झाकण तयार होते असे धरू. झाकणाचे स्वतःचे प्लॅस्टिक २४० ग्रॅम, आणि साच्यात माल वाहून नेणाऱ्या वाटेत गोठून राहणारा रनर १० ग्रॅम. ग्राहकाने रनर दळून पुन्हा वापरण्यास मनाई केली असल्याने तो भंगारात जातो, म्हणून घटकसूचीत दर नगामागे दाणा २५० ग्रॅम लिहिला आहे. त्याशिवाय नगामागे ४ इन्सर्ट, आणि २० नगांमागे एक खोका. दाण्याचा भाव किलोला १२० रुपये, इन्सर्टचा ३ रुपये आणि खोक्याचा ४० रुपये धरल्यास नगामागे मालाचा खर्च दाणा ३०, इन्सर्ट १२ आणि खोका २ मिळून ४४ रुपये होतो. रंगाचा दाणा आपण सोयीसाठी बाजूला ठेवू.

महिन्यात १०,००० चांगली झाकणे तयार झाली आणि तशी नोंद पडली. संगणकाने दाणा २,५०० किलो, इन्सर्ट ४०,००० आणि खोके ५०० वजा केले. महिन्याच्या आरंभी दाणा ३,००० किलो होता, तेव्हा दप्तरी शिल्लक ५०० किलो राहिली. इन्सर्ट ५०,००० होते, त्यांची दप्तरी शिल्लक १०,००० राहिली. महिनाअखेरीस कुणी तरी आग्रहाने प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा दाणा ३१० किलो भरला, इन्सर्ट ७,६०० निघाले आणि खोके मात्र बरोबर जुळले. म्हणजे दाण्यात १९० किलोंची आणि इन्सर्टमध्ये २,४०० नगांची तूट.

येथे बहुतेक ठिकाणी जे होते ते असे, की ‘दाण्यात तूट आलीच आहे, आणि इन्सर्ट काय, खाली सांडतातच’ असे म्हणून दोन स्वतंत्र समायोजन-नोंदी टाकल्या जातात, त्यांवर सही होते आणि विषय मिटतो. हिशेबनीसाने असे करू नये. या तिन्ही जिनसांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचले, तर त्यांच्यात महिन्याचा सगळा वृत्तांत लपलेला असतो.

खोका फक्त चांगल्या मालाला लागतो. तो जुळला, याचा अर्थ चांगल्या नगांची नोंद खरी आहे; १०,००० च्या जागी भलताच आकडा टाइप झालेला नाही. इन्सर्ट साच्यात बसवूनच शॉट मारावा लागतो, म्हणून नग चांगला निघो वा वाईट, त्याचे ४ इन्सर्ट गेले ते गेलेच. तेव्हा २,४०० ची तूट म्हणजे ६०० नग असे निघाले की जे खोक्यापर्यंत पोचले नाहीत आणि नोंदीतही आले नाहीत. ते यंत्र तापत असतानाचे शॉर्ट शॉट असतील, साचा बदलल्यानंतरचे पहिले नग असतील, किंवा तपासनिसाने बाजूला काढलेले असतील. आता या ६०० नगांना दर नगी २५० ग्रॅमप्रमाणे १५० किलो दाणा लागला. उरले ४० किलो. ते पर्जिंगचे, म्हणजे रंग किंवा जात बदलताना बॅरल साफ करण्यासाठी यंत्रातून जो दाणा वितळवून सोडून द्यावा लागतो त्याचे. अशा रीतीने १९० किलोंची निनावी तूट दोन नावांत फोडता आली, आणि त्यासाठी मोजणीच्या पलीकडे एक पैसाही खर्च झाला नाही.

पडताळ्याला आणखी दोन साधने हाताशी असतात. मोल्डिंगच्या यंत्रावर शॉटचा काउंटर असतो. तो महिन्यात १०,६०० पुढे सरकलेला दिसला पाहिजे. आणि भंगारवाल्याच्या वजनचिठ्ठ्या असतात. घटकसूचीच्या हिशेबाने रनरचे १०० किलो भंगार निघावे. प्रत्यक्षात १०,६०० शॉटांचा रनर १०६ किलो, रद्द नगांचे प्लॅस्टिक १४४ किलो आणि पर्जिंगचे गोळे ४० किलो, असे पितळेचे वजन वगळून २९० किलो निघेल. जास्तीचे १९० किलो भंगार आणि शिलकेतील १९० किलोंची तूट यांचा असा तंतोतंत मेळ प्रत्यक्षात बसत नाही, पाचदहा किलोंचा फरक राहतोच. पण मेळ मुळीच बसत नसेल, भंगार शंभराच्या आसपासच भरत असेल, तर दाणा किंवा भंगार यांपैकी काही तरी दाराबाहेर गेले आहे असे समजून चौकशी करावी.

हीच मोजणी निराळी निघाली असती, म्हणजे इन्सर्टची तूट २,४०० च पण दाण्याची तूट केवळ ८४ किलो आढळली असती, तर वरवर पाहणाऱ्याला आनंद झाला असता. जाणत्याने मात्र त्या वेळी अधिक सावध व्हावे. इन्सर्ट सांगतात की ६०० जादा नग निघाले. त्या नगांनाच १५० किलो दाणा लागतो. मग तूट त्याहून कमी कशी? यंत्रात दप्तराबाहेरचा दाणा आल्याखेरीज हे शक्य नाही, आणि असा दाणा मोल्डिंगच्या कारखान्यात सहसा एकाच जागेहून येतो: ग्राइंडरमधून. महिन्याचा १०६ किलो रनर रात्रपाळीत दळून नव्या दाण्यात मिसळला, तर १९० ची तूट बरोबर ८४ वर येते. ग्राहकाने मना केलेली गोष्ट अशी शिलकेच्या आकड्यातून उघडी पडते. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि तूट कमी दिसते, हा बॅकफ्लशमधला फार मोठा धोका आहे, कारण लहान तूट पाहून कुणी मोजणीचे कागद पुन्हा उघडीत नाही.

मोजणी झालीच नसती तर काय झाले असते, तेही पाहू. पुढल्या महिन्याच्या पहिल्या तारखेला २,००० झाकणांची मागणी आली. खरेदीविभागाने पडद्यावर पाहिले: दाणा हवा ५०० किलो, शिल्लक ५०० किलो, खरेदीची जरूर नाही. प्रत्यक्षात होते ३१० किलो. मागील महिन्याचीच नासधूस चालू राहिली तर चांगल्या नगामागे २६९ ग्रॅम दाणा लागतो, म्हणजे साडेअकराशेच्या सुमारास हॉपर रिकामा होणार, यंत्र उभे राहणार, आणि दाणा तातडीने चढ्या भावाने आणावा लागणार. अशा वेळी दोष खरेदीविभागावर किंवा ‘कॉम्प्युटरवर’ टाकला जातो. प्रणालीने दिलेले उत्तर मात्र तिला पुरविलेल्या माहितीला धरूनच होते.

पैशाची बाजू याहून गंभीर आहे. १९० किलो दाण्याचे २२,८०० आणि २,४०० इन्सर्टचे ७,२०० मिळून ३०,००० रुपये, म्हणजे दर चांगल्या नगामागे ३ रुपये. नगाचा मालखर्च ४४ नसून ४७ आहे. ग्राहकाला दिलेला भाव ४४ धरून काढलेला असेल आणि सुट्या भागांच्या धंद्यात नफ्याचे प्रमाण किती बारीक असते हे ज्याला ठाऊक असेल, त्याला या तीन रुपयांचे महत्त्व सांगावयास नको. त्यातून मोजदाद सहामाही असेल तर ६०,००० नगांमागे १,८०,००० रुपयांचा नसलेला माल ताळेबंदात मालमत्ता म्हणून मिरवतो, दरमहाचा नफा ३०,००० रुपयांनी फुगलेला दिसतो, आणि ज्या महिन्यात मोजदाद होते त्या महिन्यावर सगळा तोटा कोसळतो. मालक मग त्या महिन्याच्या कारभाराची झडती घेतो. दोष असतो मागल्या पाच महिन्यांचाही.

यावर एक उपाय असा सुचविला जातो की घटकसूचीतच दाणा २५० ऐवजी २६९ ग्रॅम करून टाकावा, म्हणजे तफावत राहणार नाही. तफावत खरोखरच राहत नाही, परंतु हा उपाय मूळ दुखण्यापेक्षा वाईट आहे असे माझे स्पष्ट मत आहे. साचा आणि रनर यांच्यामुळे अटळपणे लागणारा माल घटकसूचीत लिहावा. सुरुवातीच्या शॉटांची नेहमीची, मोजून ठरविलेली घटही लिहावी. परंतु निष्काळजीपणाने गेलेला माल प्रमाण म्हणून लिहिला की त्या निष्काळजीपणाला सनद मिळते. शिवाय एखाद्या महिन्यात काम चांगले झाले, रद्द नग निम्म्यावर आले, तर जो दाणा वाचतो तो दप्तरात आधीच खर्ची पडलेला असतो. असा बेवारस माल यंत्रांच्या आडोशाला साचतो, आणि तो चोरीस गेला तर दप्तराला त्याची गंधवार्ताही लागत नाही. लेखामानकाचीही येथे आडकाठी आहे: मालसाठ्याच्या मूल्यांकनाचे मानक, मग ते जुने एएस २ असो वा इंड एएस २, असाधारण नासाडीचा खर्च मालाच्या किंमतीत धरू देत नाही, तो त्या त्या काळाच्या नफातोट्यात टाकावा लागतो.

आता काळाच्या अंतराकडे वळू. बॅकफ्लशची वजावट तयार मालाच्या नोंदीच्या क्षणी होते, माल यंत्रात गेल्याच्या क्षणी नव्हे. झाकण सकाळी मोल्ड होऊन दुपारी खोक्यात गेले तर हे अंतर नगण्य आहे. परंतु मोल्डिंगनंतर रंग, मग जोडणी, मग तपासणी असे पाच दिवस लागत असतील, तर कोणत्याही क्षणी पाच दिवसांचा कच्चा माल दप्तरात ‘स्टोअरमध्ये’ असतो आणि प्रत्यक्षात तो अर्ध्या बनलेल्या नगांत असतो. अशा ठिकाणी स्टोअरची मोजणी करून तूट काढली तर ती खोटी तूट निघेल, आणि ती कुणी भरून टाकली तर नग तयार झाल्यावर तोच माल दुसऱ्यांदा वजा होईल. यास्तव जेथे निर्मिती लांब चालते तेथे शेवटच्या टप्प्यावर एकदाच वजावट न करता मधल्या टप्प्यांवरही नोंद घ्यावी, आणि त्या त्या टप्प्याचा माल त्या त्या वेळी वजा होईल अशी तजवीज करावी. मोजणी नेहमी पाळी बदलताना, सर्व नोंदी पडल्यानंतर आणि यंत्रे थांबलेली असताना करावी. आणि यंत्रांवरचा अर्धवट माल घटकसूचीप्रमाणे पुन्हा कच्च्या मालात रूपांतरित करून तो बेरजेत घ्यावा.

प्रणालीच्या पोटात साचणाऱ्या चुका हा आणखी एक विषय आहे, आणि माझ्या समजुतीने हिशेबनीसांचे सर्वाधिक दुर्लक्ष याच ठिकाणी होते. तयार मालाची नोंद पडली, पण दप्तरी शिलकेत तेवढा कच्चा माल नाही, असे झाले तर प्रणालीने काय करावे? काही प्रणालींत शिल्लक शून्याखाली जाऊ देण्याची मुभा ठेवतात; तशी मुभा दिली की शिल्लक उणे होते आणि चूक सुखाने नांदू लागते. मुभा नसेल तर तयार माल जमा होतो आणि वजावट मात्र अडकून एका चुकांच्या यादीत जाऊन बसते. एसएपी वापरणाऱ्यांना ही यादी COGI या नावाने परिचित आहे. तिच्यातील ओळी महिनाअखेरीपूर्वी निकालात निघाल्या नाहीत, तर त्या महिन्याच्या तयार मालावर कच्च्या मालाचा खर्च पडत नाही, नफा फुगतो, आणि तो खर्च पुढल्या महिन्यावर जाऊन बसतो. याहून घातक म्हणजे या ओळी तेथून पुसूनही टाकता येतात. यादी रिकामी करून दाखवावी असा वरून तगादा लागलेला असला की एखादा कर्मचारी त्या पुसतो; यादी रिकामी होते, पण तो माल दप्तरातून कधीच खर्ची पडत नाही. म्हणून यादी रिकामी आहे काय एवढेच न विचारता ती कशी रिकामी झाली हे विचारावे, आणि ओळ पुसण्याचा अधिकार हिशेबविभागाच्या लेखी संमतीशिवाय कुणाला देऊ नये.

टंकलेखनाच्या चुका आणि पर्यायी मालाचा वापर यांविषयी थोडक्यात सांगतो. तयार मालात एक शून्य जास्त पडले तर घटकसूचीतील प्रत्येक जिन्नस दसपट वजा होतो. तेव्हा ही चूक सर्व जिनसांत एकाच प्रमाणात, खोक्यांतसुद्धा, दिसते, आणि तिच्या दुरुस्तीसाठी मूळ नोंदच उलटवावी लागते, नुसता तयार माल कमी करून भागत नाही. याउलट एका जातीचा दाणा संपला म्हणून यंत्रावर दुसऱ्या जातीचा घातला आणि घटकसूची तशीच ठेवली, तर एका जिनसात तूट आणि दुसऱ्यात जवळजवळ तेवढीच वाढ दिसते. तूट आणि वाढ यांच्या अशा जोड्या मोजणीच्या कागदावर शोधण्याची सवय लावून घ्यावी. आणि एखाद्या जिनसाची तफावत महिनोन्महिने नेमकी शून्य येत असेल, तर मोजणाऱ्याने पडद्यावरचा आकडा कागदावर उतरविला आहे अशी शंका घेण्यास हरकत नाही. मोजणीच्या कागदावर दप्तरी शिल्लक छापूच नये, हे त्यावरचे साधे औषध आहे.

ही पद्धत चालवावयाची तर व्यवस्था कशी लावावी? प्रथम घटकसूचीची वजने जुन्या कोटेशनवरून न घेता यंत्राशेजारी काटा ठेवून घ्यावीत. यंत्र स्थिर झाल्यावर वीस शॉट रनरसकट तोलावेत, सरासरी काढावी, आणि साच्याची दुरुस्ती झाली किंवा दाण्याची जात बदलली की हे वजन पुन्हा करावे. सुरुवातीचे शॉट वेगळे तोलावेत. दर साचाबदलामागे ते किती जातात हे कळले म्हणजे त्यांची घट नगावर न लावता साचाबदलावर लावता येते.

दुसरे, पाळीच्या शेवटी सुपरवायझरने चांगले नग, रद्द नग आणि काउंटरचा आकडा असे तीन आकडे द्यावेत, आणि पहिल्या दोहोंची बेरीज तिसऱ्याशी जुळल्याखेरीज नोंद स्वीकारू नये. बहुतेक प्रणालींत रद्द नगांसाठी स्वतंत्र रकाना असतो व तो भरल्यास त्या नगांचाही माल वजा होण्याची सोय करता येते. आपल्या उदाहरणातील ६०० नग त्या रकान्यात आले असते, तर २,४०० इन्सर्ट आणि १५० किलो दाणा त्याच दिवशी खर्ची पडला असता आणि महिनाअखेरीस केवळ पर्जिंगचे ४० किलो उरले असते. पण हा रकाना सुपरवायझर भरतो केव्हा? रद्द नग दाखविल्याबद्दल त्याची रोज कानउघाडणी होत नसेल तेव्हाच. रिजेक्शनच्या आकड्यावर बक्षीस आणि शिक्षा ठरवून वर तोच आकडा त्यानेच खरा द्यावा अशी अपेक्षा करणाऱ्या व्यवस्थापनाला तो शून्यच मिळणार. पर्जिंगचा दाणाही असाच तोलून, स्वतंत्र नोंदीने, त्या दिवशीच खर्च टाकावा.

तिसरे, मुख्य स्टोअर आणि यंत्रांचा परिसर ही दप्तरात दोन निराळी ठिकाणे करावीत. स्टोअरमधून २५ किलोंच्या अखंड गोण्या यंत्रांकडे पाठवाव्यात, त्यांची बदली नोंदवावी, आणि बॅकफ्लशची वजावट फक्त यंत्रांकडच्या साठ्यातून व्हावी. त्यामुळे स्टोअरमधील गोण्या गोण्यांशी जुळतात, आणि सारी तफावत यंत्रांजवळच्या दहापंधरा गोण्यांत एकवटते, ज्या आठवड्यातून एकदा पाळी बदलताना अर्ध्या तासात तोलून होतात. आठवड्याच्या तुटीचा माग लावता येतो. वर्षाच्या तुटीचा लावता येत नाही.

कराच्या बाजूकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. वस्तू व सेवा कर नियमांपैकी नियम ५६ च्या पोटनियम १२ अन्वये नोंदणीकृत उत्पादकाने दरमहा उत्पादनलेखा ठेवावयाचा असतो आणि त्यात वापरलेला कच्चा माल, तयार झालेला माल, तसेच निघालेले भंगार व उपपदार्थ यांचे परिमाण द्यावयाचे असते. घटकसूचीतून काढलेला वापर आणि भंगारवाल्याला विकलेले वजन यांचा मेळ बसत नसेल, तर तो लेखाच संशयास्पद ठरतो. दुसरीकडे कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे हरवलेल्या, चोरीस गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा निर्लेखित केलेल्या मालावरील कराची वजावट मिळत नाही. निर्मितीच्या ओघात अटळपणे होणाऱ्या घटीला हे कलम लागू नाही, असा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ साली एका पोलाद उत्पादकाच्या प्रकरणात दिलेला आहे. परंतु घट निर्मितीच्या ओघातच झाली हे कागदाने दाखविता आले पाहिजे. पाळीवार रद्द नग आणि पर्जिंगच्या चिठ्ठ्या ज्याच्याजवळ आहेत त्याला हे सांगता येते. ज्याने वर्षभर काही नोंदविले नाही आणि मार्चअखेरीस एका ओळीत ‘साठ्यातील तूट’ म्हणून दोन टनांहून जास्त दाणा उडविला, त्याने तो माल हरवल्याची कबुलीच आपल्या हाताने लिहून दिलेली असते.

शेवटी कोणता जिन्नस बॅकफ्लशवर ठेवावा याचा निर्णय जिनसाजिनसाने घ्यावा. खोके, लेबले, स्क्रू, इन्सर्ट यांसारखे मोजून लागणारे आणि नगाशी ठाम प्रमाण असलेले जिन्नस खुशाल ठेवावेत. ज्यांचा लॉट क्रमांक ग्राहकाला कळवावा लागतो ते ठेवू नयेत, कारण आपोआप वजा होणारा लॉट आणि यंत्रात गेलेला लॉट एकच असेल याची हमी नसते, आणि माल परत मागविण्याची वेळ आली तर भलतेच खोके परत येतील. महाग किंवा उचलून नेण्याजोगा माल चिठ्ठीनेच द्यावा. दाण्यासारखा तोलून लागणारा माल या दोहोंच्या मधला आहे: तीन महिने बॅकफ्लशवर ठेवून, दर आठवड्याच्या मोजणीत निघालेली तफावत रद्द नग व पर्जिंग यांनी उलगडते काय ते पाहावे, उलगडत असेल तर तसाच चालू द्यावा, आणि उलगडत नसेल तर इन्सर्ट व खोके बॅकफ्लशवरच ठेवून दाणा तेवढा पुन्हा काट्यावर आणि चिठ्ठीवर आणावा.